चुकून लागलेला भाव: बुकमेकर बेट कधी फिरवू शकतो?

प्रश्न: मी लेस्टरला राहतो. एका काउंटी टी-२० सामन्यात घरच्या संघाला ११/१ भाव दिसला, म्हणून सकाळी ऑनलाइन ५० पौंड लावले. बेट स्वीकारली, पावतीही आली. संघ जिंकला. ६०० पौंड यायला हवे होते, पण खात्यात ९० आले आणि सोबत ईमेल: "पाल्पेबल एरर, योग्य भाव ४/५ धरून हिशोब केला आहे." एकदा घेतलेली बेट अशी फिरवता येते का? हरलो असतो तर माझे ५० त्यांनी परत दिले असते का?

उत्तर:

मी इथल्या एका बुकमेकरच्या ट्रेडिंग रूममध्ये अकरा वर्षं भाव लावले आणि त्यानंतर काही वर्षं ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या. म्हणजे असा ईमेल लिहिणाऱ्या खुर्चीवरही बसलोय आणि तो लिहिणाऱ्याला जाब विचारणाऱ्या खुर्चीवरही. तुमच्या ६०० पौंडांचं काही होईल असं मला वाटत नाही. पण ९० हा आकडाही मला बरोबर दिसत नाही.

आधी ६०० का नाहीत ते बघू. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर २००७ पासून बेट हा कोर्टात वसूल करता येण्यासारखा करार आहे. गॅम्बलिंग ॲक्ट २००५ च्या कलम ३३५ मुळे हे झालं. त्याआधी १८४५ च्या कायद्यामुळे बुकमेकरने पैसे बुडवले तरी कोर्ट दार उघडत नसे. सगळा व्यवहार अब्रूवर चाले आणि घोड्यांच्या बेटवरून भांडण झालं तर टॅटरसॉल्स कमिटीपुढे जात असे. आता करार झाल्यामुळे बुकमेकर "आमची मर्जी" म्हणून बेट मोडू शकत नाही. पण करार म्हटलं की कराराच्या कायद्यातली एक जुनी गोष्टही लागू होते: समोरच्याची चूक झाली आहे हे दिसत असताना तुम्ही पटकन 'घेतलं' म्हणालात, तर तो करार टिकत नाही.

यासाठी वकील १९३९ चा सशांच्या कातड्यांचा खटला सांगतात. लंडनमधल्या एका व्यापाऱ्याने ३०,००० अर्जेंटिनी कातडी विकायला काढली. सगळी बोलणी दर नगाला चालली होती, व्यापाराची रीतही तीच. पण शेवटच्या प्रस्तावात भाव चुकून दर पौंड वजनाला लिहिला गेला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसतात, म्हणजे माल एक तृतीयांश किमतीला चालला होता. खरेदीदाराने लगेच होकार कळवला आणि पुढे नुकसानभरपाई मागितली. कोर्टाने दिली नाही. या धंद्यातल्या माणसाला ही चूक कळलीच असणार, असं न्यायाधीशांचं म्हणणं होतं. तुमच्या ईमेलमधल्या 'पाल्पेबल एरर'चं मूळ हेच. पाल्पेबल म्हणजे ढळढळीत, हाताला लागेल अशी चूक. आमच्या खोलीत सगळे नुसतं 'पाल्प' म्हणायचे, तेही ओरडून.

आता तुमचा भाव. त्या सकाळी इतर बुकमेकरांकडे काय होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण ११/१ कसा आला असेल याचा अंदाज मी करू शकतो: ११/१० टाकताना शेवटचं शून्य राहिलं. ही चूक मी स्वतः केली आहे, शेजारच्यांना करताना पाहिलं आहे. समजा खरा भाव ११/१० होता आणि समोरच्या संघाला ८/११. ११/१० म्हणजे दहा लावले तर अकरा नफा, ८/११ म्हणजे अकरा लावले तर आठ नफा. लावलेली रक्कम भागिले परत येणारी एकूण रक्कम, अशी भावाची टक्केवारी काढली की घरच्या संघाला ४७.६ येते आणि पाहुण्यांना ५७.९. बेरीज १०५.५. शंभराच्या वरचे साडेपाच ही बुकमेकरची कमाई.

त्याच जागी ११/१ टाकून बघा. घरच्या संघाचे होतात ८.३, पाहुण्यांचे तेच ५७.९, बेरीज ६६.२. बेरीज शंभराच्या खाली गेली की दुकानदार स्वतःच्या खिशातून पैसे वाटत असतो. कसे ते बघा. तुम्ही ५० पौंड ११/१ ने लावले, जिंकल्यास ६०० परत. त्याच पानावर पाहुण्यांवर ८/११ ने ३४७ पौंड ३७ पेन्स लावले असते तर तिकडूनही ६०० परत आले असते. खर्च ३९७, कोणीही जिंको, २०२ पौंड नफा पक्का. दोन संघांच्या सामन्यात कोणताही बुकमेकर जाणूनबुजून असं पान लावत नाही. तुम्ही हा हिशोब केलाच होता असं मी म्हणत नाही. पण लवादापुढे प्रश्न तुमच्या मनात काय होतं एवढाच नसतो, तर तुमच्या जागी साधी माहिती असलेल्या माणसाला शंका यायला हवी होती का, हाही असतो. घरच्या मैदानावरचा संघ, दोन बरोबरीचे संघ आणि एकाला अकरा? शंका यायला हवी होती.

हे मी बुकमेकरची बाजू घेऊन बोलतोय असं वाटेल, म्हणून दुसरी टोकं सांगतो. सगळीकडे ७/२ असताना एकाने ५/१ लावला तर तो पाल्प नाही. टक्केवारीत बघाल तर २२.२ आणि १६.७, म्हणजे साडेपाच टक्क्यांचा फरक. असा फरक मतभेदातूनही पडतो: कोणाला खेळपट्टीबद्दल वेगळं वाटतं, कोणाला ग्राहक खेचायचे असतात. 'आमचा ट्रेडर चुकला' म्हणजे पाल्प नव्हे, ट्रेडर चुकणं हाच तर ग्राहकाचा नफा. तसंच भावाला 'बूस्ट'ची पट्टी लावली असेल तर बाजारापेक्षा मोठा भाव बघून ग्राहकाला शंका का यावी? त्याला वाटणार, जाहिरात आहे. अशा वेळी पाल्पचा दावा टिकवणं बुकमेकरला फार जड जातं. आणि ज्या बेटवर बाजारात एकाच दुकानाने भाव लावला आहे, म्हणजे 'अमुक खेळाडू पुढच्या मोसमात तमुक करेल' छापाच्या स्पेशल बेट, तिथे तुलनेला दुसरं काही नसतंच. ग्राहकाला चूक दिसणार कशावरून? तक्रारी बघायला लागल्यावर अशी एकेक प्रकरणं मी ग्राहकाच्या बाजूने सोडवली, आणि ट्रेडिंग रूममधले जुने मित्र माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

किती वाढीला पाल्प म्हणायचं, दुप्पट की तिप्पट, याचा ठरलेला आकडा नाही. १/५ च्या जागी २/५ हा दुप्पट नफा असला तरी चूक असेलच असं नाही. १५०/१ च्या जागी ४००/१ हा तर फुटबॉलच्या अचूक स्कोअरच्या बाजारात रोजचा फरक. म्हणून मी नेहमी टक्केवारीने बघतो, नफ्याच्या रकमेने कधीच नाही. मोठी रक्कम जिंकली म्हणून चूक सिद्ध होत नाही.

आतून ही चूक कशी दिसते तेही सांगतो. एका मंगळवारी संध्याकाळच्या खालच्या विभागातल्या फुटबॉल सामन्यात मी यजमान आणि पाहुणे यांचे भाव उलटे टाकले. हा प्रकार शून्य विसरण्यापेक्षाही जास्त वेळा होतो. चार मिनिटं पान तसंच होतं. पहिल्या दोन मिनिटांत नेहमीचे लोक, पाच-दहा पौंडांच्या बेट. मग एकदम अशी खाती आली ज्यांनी त्या विभागातल्या सामन्यावर कधी पैसे लावले नव्हते, आणि प्रत्येकाची रक्कम मिळेल तेवढी कमाल. स्क्रीनवर बेटचा तो वेग बघितला की ट्रेडरच्या पोटात गोळा येतो, कारण त्याचा अर्थ एकच: आपला चुकीचा भाव कुठल्यातरी ग्रुपवर फिरतोय. मी बाजार बंद केला आणि वरच्यांना सांगितलं. सामना सुरू व्हायला तीन तास होते, म्हणून सगळ्यांना कळवलं: खऱ्या भावाने बेट ठेवा किंवा पैसे परत घ्या. बहुतेकांनी परत घेतले, एकानेही भांडण केलं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे दडलंय. चूक सामन्याआधी कळली आणि ग्राहकाला निवड दिली, तर प्रकरण साफ असतं. निकालानंतर कळली की घाण होते. समजा बुकमेकरचा नियम 'चुकीच्या भावाची बेट रद्द' असा आहे. मग जिंकलेल्याही रद्द आणि हरलेल्याही, हरलेल्यांचे ५० पौंड परत जायलाच हवेत. जिंकलेल्याच तेवढ्या रद्द करणं म्हणजे छापा आला तर माझं, काटा आला तरी माझं. समजा नियम 'योग्य भावाने हिशोब' असा आहे, तर हरलेली बेट योग्य भावानेही हरलेलीच राहते, पैसे परत यायचा प्रश्न नाही. तुमच्या बुकमेकरने दुसरा नियम लावला आहे. तो एका परीने तुमच्या फायद्याचा ठरला, नाहीतर जिंकूनही फक्त ५० हातात आले असते. मात्र त्यांच्या नियमावलीत दोन्ही पर्याय 'आमच्या इच्छेनुसार' असे लिहिले असतील तर तिथे बोट ठेवा. निकाल बघून सोयीचा पर्याय निवडायची मुभा देणारी अट कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ खाली अन्याय्य ठरू शकते. त्याच कायद्याचं कलम ६९ सांगतं की अटीचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या फायद्याचा घ्यायचा.

आता ते ९० पौंड. ४/५ म्हणजे पाचाला चार, म्हणून ५० वर ४० नफा. पण हा ४/५ कधीचा? माझा अंदाज, सामना सुरू होतानाचा. दिवसभरात भाव उतरला असेल: नाणेफेक, संघातले बदल, काहीही. योग्य भाव म्हणजे तुम्ही बेट लावली त्या मिनिटाला चूक नसती तर जो भाव असता तो. सकाळी बाजारात ११/१० चालू होता हे दाखवता आलं, तर हिशोब ५५ नफा अधिक ५० मूळ, १०५ असा व्हायला हवा. म्हणजे १५ पौंड तुमचे राहिले आहेत. रक्कम हसू येण्याजोगी आहे, मान्य. पण ट्रेडिंग रूममधून हिशोब करणारा माणूस घाईत स्क्रीनवर शेवटचा दिसतो तो भाव उचलतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की पाल्पचा ईमेल आला की सगळ्यात आधी मी हीच गोष्ट तपासतो. बेट अक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे अनेक सामने एकत्र जोडलेल्या बेटमध्ये असेल तर हा फरक पुढच्या प्रत्येक सामन्याच्या भावाने गुणला जातो, मग तो १५ राहत नाही. आणि अक्युम्युलेटरमध्ये एका सामन्याचा भाव चुकला म्हणून अख्खी बेट रद्द केली असेल तर नियमावली नीट वाचा. सर्वसाधारणपणे फक्त तो सामना दुरुस्त व्हायला हवा.

कोर्ट या सगळ्याकडे कसं बघतं, त्याचे दोन निकाल सांगतो. दोन्ही पॅडी पॉवर या बुकमेकरविरुद्धचे, आणि दोन दिशांना गेलेले.

२०२२ च्या प्रकरणात ग्राहकाने फोनवर १६/१ च्या घोड्यावर १,३०० पौंड ईच-वे मागितले, म्हणजे तेवढे घोडा जिंकण्यावर आणि तेवढेच तो पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर. कंपनीकडच्या चुकीने ते १३,००० झाले. घोडा जिंकला. १,३०० ने हिशोब २८,६०० पौंडांचा होतो, ग्राहकाचं म्हणणं २,८६,००० द्या. हायकोर्टाने दावा फेटाळला. इथे चूक भावाची नसून रकमेची होती, पण गाभा तोच: ग्राहकाने स्वतः मागितलं होतं १,३००.

दुसरा निकाल मार्च २०२५ चा. एका बाईंना २०२० मध्ये आयपॅडवर खेळताना स्क्रीनवर जवळपास १०.९७ लाख पौंडांचा जॅकपॉट लागल्याचं दिसलं. कंपनीने दिले २०,२६५ पौंड आणि सांगितलं की आमच्या प्रणालीत वेगळा निकाल होता, स्क्रीनवरचा चुकीचा. इथे हायकोर्टाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने मागच्या बाजूला माणसाकडून झालेली चूक ग्राहकाच्या माथी मारायला नियमावलीतली कलमं पुढे केली होती, ती पुरली नाहीत. हा भावाचा खटला नाही, खेळाचा आहे, म्हणून तुमच्या प्रकरणाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्या बाईंच्या स्क्रीनवर संशय यावा असं काहीच नव्हतं, मोठा जॅकपॉट लागणं हाच त्या खेळाचा भाग. तुमच्या स्क्रीनवर मात्र, माझा अंदाज बरोबर असेल तर, शेजारीच ८/११ होता.

कायदा काहीही म्हणो, कधीकधी बुकमेकर नाव राखण्यासाठी पैसे देतो. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यू जर्सीतल्या मेडोलँड्सला फॅनड्यूलच्या काउंटरवर डेन्व्हर ब्रॉन्कोस या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्याच्या शेवटी काही सेकंद ७५०/१ भाव झळकला. खरा भाव साधारण १/६ होता. एकाने ११० डॉलर लावले आणि ८२,००० हून जास्तीचं तिकीट हातात घेतलं. आधी कंपनीने नकार दिला, ५०० डॉलर आणि सामन्याची तिकिटं देऊ केली. बातमी देशभर झाली आणि काही दिवसांत पूर्ण पैसे दिले. तिथे क्रीडा बेटिंग कायदेशीर होऊन जेमतेम काही महिने झाले होते, नव्या दुकानाला पहिल्याच मोसमात बदनामी परवडणारी नव्हती. लेस्टरच्या ५० पौंडांसाठी कोणी एवढं हलणार नाही.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. पावतीवरची वेळ सेकंदापर्यंत असते, ती जपा. त्या वेळचे इतरांचे भाव ऑड्स-तुलना करणाऱ्या साइटच्या इतिहासात मिळतात, ग्राहक एकमेकांशीच बेट लावतात त्या एक्स्चेंजवर तर त्या मिनिटाला कोणत्या भावाला व्यवहार झाले तेही दिसतं. बेटच्या दिवशीची नियमावली उतरवून ठेवा, आजची नव्हे. मग लेखी तक्रार करा आणि मोजके प्रश्न विचारा: ४/५ हा कोणत्या वेळचा भाव आहे, चूक तुमच्या लक्षात किती वाजता आली, आणि त्या भावावरच्या हरलेल्या बेटचं काय केलं. दुसऱ्या प्रश्नाला महत्त्व आहे. सकाळी दहाला चूक कळली, भाव दुरुस्त केला आणि तुम्हाला मात्र निकालानंतर रात्री सांगितलं, असं निघालं तर त्यांची बाजू बरीच कच्ची होते, कारण मधल्या वेळात तुम्हाला पैसे मागे घ्यायची संधी होती. तसंच ५० ऐवजी तुम्ही ५०० मागितले असते आणि ती बेट ट्रेडरकडे मंजुरीला जाऊन परत आली असती, तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं. माणसाने डोळ्यांनी बघून मान्य केलेल्या भावाला नंतर 'ढळढळीत चूक' म्हणणं अवघड असतं.

आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही, किंवा त्याआधीच त्यांनी 'हे आमचं अंतिम म्हणणं' असं कळवलं, तर त्यांच्या नियमावलीत दिलेल्या लवादाकडे जा. बहुतेक ठिकाणी तो १९९८ पासून काम करणारा आयबास असतो. ग्राहकाला फी नाही. गॅम्बलिंग कमिशनला लिहू नका असं नाही, पण ते कोणा एकाच्या बेटचा निकाल देत नाही. स्मॉल क्लेम्सचा रस्ताही खुला आहे, पण १५ पौंडांसाठी कोर्टाची फीच जास्त होईल.

आणि जाता जाता, गावाकडच्या कोणी "माझ्या बुकीनेही असंच केलं" म्हणून हे उत्तर तिकडे पाठवायला सांगितलं तर उपयोग नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार मुळातच शून्य आहे, घोड्यांच्या शर्यतींच्या बक्षिसाचा एक छोटा अपवाद सोडून. तिथे भाव बरोबर असला तरी कोर्टात पैसे वसूल होत नाहीत, मग चुकीचा असल्याचा वाद घालणार कुठे?

तक्रारीत मात्र ६०० मागत बसू नका. "११/१ हा चुकीचा असेल तर माझा हिशोब ११/१० ने करा" एवढंच लिहा आणि सकाळच्या भावांचा स्क्रीनशॉट जोडा. समोरच्या खुर्चीवर मी असतो तर असा ईमेल आल्यावर अर्ध्या तासात १५ पौंड टाकले असते.